साईन ०.५ साठी त्रुटीची मर्यादा: ०.००२६ की ०.०००२६?

कण्हेर

एफ.वाय.बी.एस्सी.ला आहे. टेलरचं प्रमेय वर्गात झालंय, पण एका गणितात अडकले.

प्रश्न असा: sin x ऐवजी x − x^3/6 वापरलं, तर x = ०.५ ला त्रुटी जास्तीत जास्त किती असू शकेल?

मी असं केलं. बहुपदी तिसऱ्या घाताची, म्हणून पुढचा डेरिव्हेटिव्ह चौथा. sin चा चौथा डेरिव्हेटिव्ह फिरून sin च येतो आणि तो १ च्या वर जात नाही. म्हणून त्रुटी x^4/24 पेक्षा जास्त नाही. ०.०६२५ भागिले २४, म्हणजे ०.००२६.

मागे उत्तरांच्या पानावर ०.०००२६ दिलंय. छपाईत एक शून्य जास्त पडलं असेल म्हणून सोडून देणार होते, पण मैत्रिणीचंही तेच उत्तर आलंय. तिने पाचवा डेरिव्हेटिव्ह घेतलाय. का घेतला हे तिलाही सांगता येत नाही, "तसाच घेतात" म्हणते.

शिवाय सूत्रात तो c असतो, तो शोधायचा कसा?

बिनधास्त_गणिती

यात अडकण्यासारखं काय आहे? त्रुटी नेहमी पुढच्या पदापेक्षा कमी असते. पुढचं पद x^5/120. त्यात ०.५ घाला, ०.०००२६ येतं. डेरिव्हेटिव्ह, c वगैरे सगळं परीक्षेत ओळी वाढवायला.

खडूची_धूळ

कण्हेर, तुझं उत्तर चूक नाही आणि पुस्तकाचंही नाही. आधी खरी त्रुटी किती ते बघ. sin ०.५ = ०.४७९४२५५. तुझी बहुपदी देते ०.५ − ०.०२०८३३३ = ०.४७९१६६७. फरक ०.०००२५८९. तो ०.००२६ च्या आत आहे आणि ०.०००२६०४ च्याही आत आहे. दोन्ही मर्यादा खऱ्या. पण तुझी दहापट ढिली आहे, आणि पुस्तकातली खऱ्या त्रुटीला जवळजवळ चिकटलेली आहे.

आता पाचवा का घेता येतो ते. x − x^3/6 ही sin ची तिसऱ्या घातापर्यंतची टेलर बहुपदी आहे. मग चौथ्या घातापर्यंतची कोणती? x^4 च्या पदात शून्यापाशी घेतलेला चौथा डेरिव्हेटिव्ह असतो, तो sin 0, म्हणजे शून्य. म्हणून ते पद येतच नाही, आणि चौथ्या घातापर्यंतची बहुपदीही तीच, x − x^3/6. बहुपदी तीच असेल तर त्रुटीही तीच. प्रमेय n = ३ धरून लावलंस तर त्रुटी x^4/24 · sin c मिळते. n = ४ धरून लावलंस तर x^5/120 · cos c. एकाच संख्येकडे दोन वाटांनी जाता येतं.

c च्या मागे लागू नकोस. प्रमेय एवढंच सांगतं की ० आणि x च्या मध्ये असा c असतो. x बदलला की तो बदलतो, आणि n बदललास तरी बदलतो, म्हणजे वरच्या दोन ओळींतले c एक नाहीत. म्हणून तर आपण त्या डेरिव्हेटिव्हची त्या पट्ट्यातली सगळ्यात मोठी किंमत घेऊन पुढे जातो.

कण्हेर

धन्यवाद सर. मग सहावा पण घेता येईल का? तो अजून लहान येईल ना?

आणि एक. c ० ते ०.५ मध्येच असेल तर sin c ला १ कशाला धरायचं? तो ०.५ च्या वर जाणारच नाही. तसं केलं तर माझी मर्यादा निम्मी होते, ०.००१३.

खडूची_धूळ

सहावा नाही चालणार. पाचव्या घाताचा सहगुणक शून्य नाही, 1/120 आहे. पाचव्या घातापर्यंतची बहुपदी x − x^3/6 + x^5/120 ही वेगळी बहुपदी झाली. सहावा किंवा सातवा डेरिव्हेटिव्ह तिची त्रुटी सांगतो, तुझ्या बहुपदीची नाही. sin मध्ये अशी प्रत्येक जोडीला एकदाच सवलत मिळते.

दुसरा मुद्दा अगदी बरोबर, आणि सगळी मेख तिथेच आहे. आपल्याला खरी त्रुटी माहीत आहे, तेव्हा गंमत म्हणून c उलटा काढून बघू. चौथ्या डेरिव्हेटिव्हच्या वाटेने: ०.०००२५८९ = ०.००२६०४ × sin c, म्हणजे sin c सुमारे ०.०९९, आणि c सुमारे ०.१. तू त्या sin c ला १ धरलंस. दहापट तिथेच गेली. ०.५ धरलंस तरी पाचपट जातेच.

पाचव्याच्या वाटेने: cos c = ०.०००२५८९ / ०.०००२६०४, सुमारे ०.९९४. त्याला १ धरलं तर जातं किती? हजारात सहा.

म्हणजे शून्याजवळ sin स्वतःच लहान असतो, त्याला १ म्हणणं उधळपट्टी आहे. cos शून्याजवळ १ च्या आसपासच असतो, त्याला १ म्हणण्यात फारसं काही जात नाही. दोन मर्यादांचं गुणोत्तर काढ, 5/x येतं. ०.५ ला दहापट, ०.१ ला पन्नासपट, ०.०१ ला पाचशेपट. x जितका शून्याजवळ, तितकी चौथ्यावाली मर्यादा निरुपयोगी होत जाते.

जाता जाता: cos या पट्ट्यात ०.८७७५ च्या खालीही जात नाही. म्हणून त्रुटी ०.०००२२८ पेक्षा जास्तच असणार, हेही कॅल्क्युलेटर न उघडता सांगता येतं.

बिनधास्त_गणिती

म्हणजे फिरून फिरून माझंच उत्तर आलं. पुढचं पद.

खडूची_धूळ

उत्तर आलं, कारण नाही आलं. "नेहमी" हा शब्द काढा. e^x घ्या, x = १. पहिल्या घातापर्यंत 1 + x, म्हणजे २. पुढचं पद x^2/2, म्हणजे ०.५. खरी त्रुटी ०.७१८. पुढच्या पदापेक्षा मोठी. तिथे दुसरा डेरिव्हेटिव्ह e^c आहे आणि तो १ च्या वर जातो, म्हणून मर्यादा e/2 धरावी लागते.

sin मध्ये पुढचं पद चालतं, कारण त्याचे सगळे डेरिव्हेटिव्ह कायम −१ ते १ मध्ये राहतात.

बिनधास्त_गणिती

e^x मध्ये चिन्हं आलटून पालटून येत नाहीत. मी आलटून पालटून येणाऱ्या मालिकेबद्दल बोलत होतो. तिथे लाइबनिट्झची कसोटी आहे, डेरिव्हेटिव्ह लागतच नाही.

खडूची_धूळ

आता मुद्द्याचं बोललात. ०.५ साठी ते पूर्ण मान्य. पण त्या कसोटीला पदं लहान लहान होत गेलेली लागतात. x = १० घ्या. x^5/120 होतं ८३३ आणि त्याच्या पुढचं x^7/5040 होतं १९८४. पदं वाढताहेत, कसोटी गप्प बसते. डेरिव्हेटिव्हवाली मर्यादा तिथेही म्हणते की त्रुटी ८३३ च्या आत. बघा: १० − १६६.६७ = −१५६.६७, sin १० = −०.५४, त्रुटी १५६.१. आत आहे. उपयोगाची नाही, पण खरी आहे.

नारळीपाकातला_भुंगा

अवांतर: टेलरच्या कितीतरी आधी ही sin ची मालिका केरळात माधवाला माहीत होती, चौदाव्या शतकात. ज्येष्ठदेवाच्या युक्तिभाषेत ती उपपत्तीसकट आहे. हे कुणी लिहीलच म्हणून वाट बघत होतो.

खडूची_धूळ

मालिका माधवाच्या परंपरेतली, हे निर्विवाद. इथे चर्चा उरलेल्या भागावरच्या मर्यादेची चालली आहे, आणि डेरिव्हेटिव्हच्या रूपातली ती मर्यादा लॅग्रांजची. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो.

लोलकवाले

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्याकडे साध्या लोलकाला sin θ ≈ θ धरतात आणि "कोन लहान असावा" म्हणून मोकळे होतात. कुणी दहा अंश म्हणतं, कुणी पंधरा. या हिशोबाने दोलनकाल एक टक्क्याच्या आत हवा असेल तर कोन किती घ्यायचा?

खडूची_धूळ

sin θ ≈ θ ही पहिल्या घातापर्यंतची बहुपदी, आणि इथेही दुसरं पद शून्य. म्हणून तिसरा डेरिव्हेटिव्ह घ्या: त्रुटी θ^3/6 च्या आत. θ च्या तुलनेत θ^2/6. ते एक टक्का झालं की θ = ०.२४५ रेडियन, म्हणजे १४ अंश. दहा-पंधरा अंश म्हणतात ते यातूनच.

पण थांबा, हा एक टक्का बलातला आहे, तोही लोलक टोकाला असताना. दोलनकालातली त्रुटी सुमारे θ^2/16 येते, इथे θ म्हणजे टोकाचा कोन. १४ अंशांना ती ०.३७ टक्के. कारण लोलक सगळा वेळ टोकाला नसतो, आणि काल बलाच्या वर्गमुळाने बदलतो. दोलनकाल एक टक्क्याच्या आत हवा असेल तर कोन सुमारे २३ अंशांपर्यंत नेता येतो.

लोलकवाले

मुलांना प्रयोगात १४ आणि २३ मधला फरक स्टॉपवॉचवर दिसायचा नाही. पण विचारलं तर सांगायला झालं. आभार.

सोल्डर

धागा वाचून एक जुनं दुखणं आठवलं. एका छोट्या मायक्रोकंट्रोलरवर साईन वेव्ह तयार करतोय. एकेका अंशाला एक मूल्य, −१२७ ते १२७, आठ बिटांत. ० ते ९० अंश काढतो आणि बाकी आरशासारखं उलटवतो. कोड:

```c
float x  = d * 0.01745329f;
float x2 = x * x;
float s  = x * (1.0f - x2/6.0f + x2*x2/120.0f);
int8_t y = (int8_t)lroundf(127.0f * s);
```

खालच्या अर्ध्या भागासाठी `s` चं चिन्ह बदलून शेवटची ओळ पुन्हा चालवतो.

ऑसिलोस्कोपवर वेव्ह छान दिसते, फक्त वरच्या शिखरावर मधोमध एक काटा सरळ तळापर्यंत जातो. खालच्या टोकाला काहीच नाही. आधी वाटलं पॉवर सप्लायचा आवाज आहे. कपॅसिटर बदलून झाले, ग्राउंडची वायर बदलून झाली. यात बहुपदीचा दोष असू शकतो का? त्रुटी तर अर्ध्या टक्क्याहून कमी आहे, मी ताडून पाहिलंय.

बिनधास्त_गणिती

अर्ध्या टक्क्याने कधी काटा येतो का? हार्डवेअर बघा. सोल्डरिंग सैल असेल, नावाप्रमाणे.

खडूची_धूळ

सोल्डरभाऊ, हार्डवेअर सोडा. सगळं तुमच्या तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत आहे.

तुम्ही पाचव्या घातापर्यंत गेलात. सहावं पद शून्य, तेव्हा सातवा डेरिव्हेटिव्ह घ्यायचा. sin चा सातवा डेरिव्हेटिव्ह −cos. म्हणजे खरा sin वजा तुमची बहुपदी = −x^7/5040 · cos c. आकार बघितलात तर ९० अंशांना, x = १.५७०८ घालून, ०.००४७ च्या आत. तुम्ही म्हणता तेच, अर्ध्या टक्क्याहून कमी.

पण चिन्ह बघा. ० ते ९० अंशांत cos ऋण होत नाही, म्हणून उजवी बाजू ऋण. म्हणजे तुमची बहुपदी या पट्ट्यात कायम sin च्या वर राहते. आणि जिथे sin १ आहे तिथे वर म्हणजे १ च्या वर. नेमकी किंमत १.००४५२. तिला १२७ ने गुणा: १२७.५७. `lroundf` त्याचे १२८ करतो. `int8_t` मध्ये १२८ मावत नाही, तुमच्या कंपायलरवर तो गुंडाळला जाऊन −१२८ होतो. हाच तो काटा.

खालच्या टोकाला का नाही, तेही यातूनच. तिथे −१२७.५७ चे −१२८ होतात, आणि −१२८ आठ बिटांत मावतो. एका पायरीने चुकतं, पण स्कोपवर कुणाच्या लक्षात येणार?

काटा किती रुंद, तेही ताडून घ्या. गुणाकार १२७.५ च्या वर जायला बहुपदी १.००३९ च्या वर हवी, आणि तसं शिखराच्या दोन्ही बाजूंना साधारण १.१५ अंशापर्यंतच होतं. म्हणजे ८९, ९० आणि ९१ या तीनच नोंदी बिघडलेल्या असतील. तक्ता छापून बघा.

सोल्डर

छापला. ८८ ला १२७, मग −१२८, −१२८, −१२८, मग पुन्हा १२७. तीनच. कपॅसिटरवर गेलेल्या संध्याकाळींबद्दल आता काही बोलत नाही.

मग १२७ च्या वर गेलं तर कापून टाकू का?

खडूची_धूळ

कापा, काम होईल. पण मी एक पद वाढवीन: − x^7/5040. मग पुढचा डेरिव्हेटिव्ह नववा, तो cos, धन. चिन्ह उलटलं. आता बहुपदी sin च्या खाली राहते, १ ओलांडूच शकत नाही. ९० अंशांना मर्यादा x^9/362880, म्हणजे ०.०००१६. १२७ ने गुणलं तरी एका पायरीचा पन्नासावा भाग. चिन्ह आपल्या सोयीचं असेल तिथे थांबायचं, हे मर्यादेच्या आकारातून कळत नाही. त्यासाठी पुढच्या डेरिव्हेटिव्हचं पट्ट्यातलं चिन्ह बघावं लागतं.

कण्हेर

सर, म्हणजे निव्वळ ≤ लिहून थांबलो तर ही माहिती हरवते? आम्ही कायम दोन्ही बाजूंना मापाच्या उभ्या रेघा घालूनच सुरुवात करतो.

खडूची_धूळ

हो, उभ्या रेघा घातल्या की चिन्ह गेलं. शून्याजवळ cos धन आहे हे माहीत असताना रेघा घालायची घाई नको.

सोल्डर

एक पद वाढवलं, काटा गेला. आता एक शंका. तयार लायब्ररीतलं साईनही असंच टेलरने काढतात का? इतकी पदं घेऊन?

रात्रपाळी

नाही. इथे थोडी भर घालतो, कामाचा भाग आहे. फडलिबएम म्हणून सनची जुनी गणिती लायब्ररी आहे, तिचा कोड आजही बऱ्याच ठिकाणी चालतो. तिच्यात ०.७८५ पर्यंतच्या कोनासाठी तेराव्या घाताची विषम बहुपदी आहे. पण x^3 चा सहगुणक बघा:

```c
S1 = -1.66666666666666324348e-01
```

−१/६ नाही. सोळाव्या आकड्यापाशी मुद्दाम वेगळा आहे, आणि पुढचे सहगुणकही टेलरचे नाहीत. टेलर सगळी अचूकता शून्यापाशी ओततो आणि पट्ट्याच्या टोकाला हात आखडतो. ही बहुपदी त्रुटी पट्टाभर सारखी वाटून घेते. तेराव्या घाताच्या टेलरला टोकाला x च्या तुलनेत x^14/15! इतकी मर्यादा मिळते, म्हणजे साधारण २.६ × १०^-१४, किंवा २ चा −४५ वा घात. या बहुपदीसाठी कोडातल्या टिपेत २ चा −५८ वा घात लिहिलाय. घात तोच, अचूकता तेरा बिटांनी जास्त.

कण्हेर

मग तो −५८ कुठल्या डेरिव्हेटिव्हने काढला? ही टेलर बहुपदी नसेल तर आपलं प्रमेय लागूच होत नाही ना?

रात्रपाळी

थेट नाही लागत, पण दुसऱ्या पायरीत लागतं. एक मार्ग असा: मध्ये एक लांबलचक टेलर बहुपदी उभी करायची, समजा एकोणिसाव्या घातापर्यंत. sin आणि ती यांच्यातला फरक तुझ्याच मर्यादेने बांधायचा, x च्या तुलनेत x^20/21!. ०.७८५ ला तो २ चा −७२ वा घात होतो, म्हणजे नगण्य. उरला लायब्ररीची बहुपदी आणि ही टेलर बहुपदी यांच्यातला फरक. तो निव्वळ बहुपदी आहे, त्याची पट्ट्यातली शिखरं शोधून तपासता येतात.

बिनधास्त_गणिती

शिखरं शोधणार ती संगणकानेच ना? मग त्या हिशोबातल्या राउंडिंगचं काय? मर्यादा सिद्ध झाली असं म्हणणार, की दिसली असं?

रात्रपाळी

प्रश्न रास्त आहे. अपूर्णांकांत, राउंडिंग न करता काढलं तर सिद्ध म्हणता येईल. पण लायब्ररी प्रत्यक्ष चालते तेव्हा होणारं राउंडिंग वेगळंच, −५८ मध्ये ते धरलेलं नाही. डबलमध्ये ०.७ च्या आसपास शेवटच्या बिटाचा अर्धा भाग २ चा −५४ वा घात असतो, म्हणजे तिथे बहुपदीपेक्षा राउंडिंगच जड पडतं. त्याचा हिशोब कसा घालायचा यावर आमच्याकडेही एकमत नाही. उद्या वेळ मिळाला तर एका ठरावीक x साठी करून टाकतो.